हरतालिकेच्या दिवशी नाडी 112

"ताई, मी हरतालिका निर्जळी करते. दुपारनंतर घड्याळात नाडी 110 च्या वर जाते, एरवी 72-74 असते. हृदयाला काही झालं असेल का? उपवास सोडू का?"

हा फोन हरतालिकेच्याच दिवशी, संध्याकाळी पाचच्या सुमारास आला. बाई 46 वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी रोज चालू. मी आधी विचारलं, 112 आकडा दिसला तेव्हा काय करत होतात? उद्याच्या मोदकांसाठी नारळ खवत होत्या. हात हलत असताना आणि पट्टा सैल असताना मनगटावरच्या घड्याळाचं मोजमाप चुकू शकतं. शिवाय काम करताना नाडी वाढणारच. म्हणून तो आकडा बाजूला ठेवला आणि त्यांना केंद्रात बोलावलं. एकट्या येऊ नका म्हटलं, तर जाऊबाईंना घेऊन आल्या.

पाच मिनिटं शांत बसवलं. मग अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. 96, लय अगदी नियमित. रक्तदाब 118/76. मोठ्या माणसाची बसल्या जागची नाडी साधारण 60 ते 100 मध्ये असते, म्हणजे आकडा चौकटीत होता. पण त्यांच्या नेहमीच्या नाडीपेक्षा तो वीसेक ठोक्यांनी जास्त होता, आणि मी नेहमी माणसाच्या स्वतःच्या आकड्याशीच तुलना करते.

मग त्यांना उभं केलं. तीन मिनिटांनी नाडी 126, रक्तदाब 106/72, आणि "डोळ्यांसमोर जरा अंधारी येतेय," असं त्या म्हणाल्या. लगेच बसवलं. उभं राहिल्यावर नाडी दहा-वीस ठोक्यांनी वाढणं ठीक आहे. तीस किंवा जास्त वाढली, वर चक्कर आली, तर उपवासाच्या दिवशी पहिला संशय पाणी कमी पडल्याचा. वरचा रक्तदाब 20 ने उतरला असता तर मी अधिक काळजीत पडले असते. अंगातलं पाणी घटलं की वाहणाऱ्या रक्ताचं प्रमाण कमी होतं. प्रत्येक ठोक्याला थोडं कमी रक्त पुढे जातं, म्हणून हृदय ठोके वाढवून ती तूट भरून काढतं.

आदल्या रात्री दहानंतर घोटभरही पाणी नव्हतं. लघवी सकाळी एकदाच, तीही गडद पिवळी. आणि खरी गोम पुढेच होती: त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही होतं, आणि ती सकाळी "कोरडीच गिळली" होती. एका बाजूने पाणी बंद, दुसऱ्या बाजूने औषध ते बाहेर काढतंय.

उपाशी असण्यापेक्षा इथे तहानेचा वाटा मोठा होता. एका दिवसाच्या उपाशीपणाने नाडी सहसा एवढी चढत नाही. नवरात्रात नऊ दिवस कमी खाणाऱ्यांची नाडी तर कधी कधी उलट उतरते, कारण शरीर काटकसर करतं.

त्या पाणी घ्यायला कचरत होत्या. तेव्हा जाऊबाईच म्हणाल्या, "आपल्या घरी थोरल्या काकू फळं आणि सरबत घेऊनच करायच्या." लिंबाचं सरबत, त्यात साखर आणि मीठ, दोन ग्लास, अर्ध्या तासात घोट घोट करून दिलं. पाऊण तासाने बसून 80, उभं राहून 94, चक्कर नाही. पाणी पोटात गेल्यावर नाडी अशी खाली येते, तेव्हा कारण बऱ्यापैकी उघड होतं. तरी त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, पण उपवासाच्या दिवशीची गोळी कधी घ्यायची की टाळायची, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवायचं.

पाणी पिऊन अर्धा तास आडवं झाल्यावरही नाडी 120 च्या वर राहिली, ठोके वेडेवाकडे लागले, छातीत दुखलं, धाप लागली किंवा भोवळ येऊन पडायला झालं, तर घरी मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. मधुमेहाचं औषध चालू असेल आणि घाम, थरथर, धडधड झाली तर लगेच साखर खा, उपवास तिथेच सुटला असं समजा. आणि नाडी कमी ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. पाणी कमी पडूनही ती 70 च दिसू शकते. तिथे चक्कर आणि लघवीचा रंग पाहायचा.

पुढच्या वर्षी त्या हरतालिकेच्या आठवडाभर आधीच डॉक्टरांकडे जाऊन आल्या. उपवास केला, फळं आणि सरबत घेऊन. संध्याकाळी त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला: बसून 76, उभं राहून 88, आणि खाली त्यांच्याच अक्षरात, "लघवी 5 वेळा, फिकट."