संचालकाला मंडळाच्या वतीने द्यायचं निरोपाचं पत्र

प्रश्न : अंबडमधल्या आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतून एक ज्येष्ठ संचालक राजीनामा देऊन बाहेर पडत आहेत. मंडळाच्या वतीने त्यांना औपचारिक निरोपाचं पत्र द्यायचंय. छोटं पण भारदस्त हवं. काय लिहावं, आणि सही कोणी करायची?

उत्तर : नाशिकमध्ये मी कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करतो. सातपूर, अंबड, सिन्नरकडच्या घरगुती स्वरूपाच्या बऱ्याच कंपन्यांची कागदपत्रं माझ्याकडे असतात, त्यामुळे अशी पत्रं वरचेवर नजरेखालून जातात. भाषेत ती सहसा चुकत नाहीत. गडबड होते ती तारखेत, आणि ‘स्वीकारला’ या एका क्रियापदात.

सातपूरच्या एका कारखान्याचं उदाहरण घेतो. पंपाला लागणारे भाग बनवणारी कंपनी, चार संचालक. त्यातले एक, वयाने सगळ्यांत मोठे, बाहेर पडत होते. ऑफिसने कच्चं पत्र तयार करून माझ्याकडे पाठवलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं : ‘आपला राजीनामा मंडळाने ६ सप्टेंबरच्या बैठकीत स्वीकारला असून त्या दिवसापासून आपणास सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त करण्यात येत आहे व कंपनीशी असलेले आपले संबंध संपुष्टात येत आहेत.’

वाचायला भारदस्त वाटतं, पण यातली एकही गोष्ट खरी नव्हती.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६८ प्रमाणे संचालकाचा राजीनामा मंडळाने मंजूर करावा लागत नाही. लेखी राजीनामा कंपनीला मिळाला ती तारीख, आणि त्यांनी राजीनाम्यात स्वतः लिहिलेली तारीख, या दोन्हींत जी नंतरची असेल त्या दिवशी पद सुटतं. मंडळ फक्त नोंद घेतं. या गृहस्थांनी राजीनामा लिहिला २० ऑगस्टला, तो ऑफिसच्या आवक रजिस्टरला पडला २३ ऑगस्टला, आणि आत लिहिलं होतं ‘३१ ऑगस्टपासून’. म्हणजे पद सुटलं ३१ ऑगस्टला. ६ सप्टेंबरला मंडळ भरलं तेव्हा ते संचालक नव्हतेच. पत्रात ६ तारीख राहिली असती, तर मधल्या दिवसांत झालेल्या एखाद्या सहीवरून किंवा व्यवहारावरून पुढे वाद निघाला असता तेव्हा कंपनीच्याच लेटरहेडवर चुकीची तारीख सापडली असती.

निबंधकाकडे डीआयआर-१२ हा फॉर्म भरायची ३० दिवसांची मुदतही राजीनामा मिळाल्यापासून चालू होते, बैठकीपासून नाही. इथे ती २२ सप्टेंबरला संपत होती. बैठक झाली म्हणजे आता महिना आपलाच, असं धरून चालणारे ऑफिसवाले इथेच फसतात.

आता ‘सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त’ या शब्दांकडे या. पदावर असताना घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी राजीनाम्यानंतरही त्या व्यक्तीवर राहते, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. मंडळाला ती पुसता येत नाही. शिवाय आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांत संचालकांनी बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेली असते. राजीनामा दिला म्हणून ती हमी सुटत नाही, त्यासाठी बँकेकडून वेगळं पत्र घ्यावं लागतं. निरोपाच्या पत्रात ‘मुक्त’ वाचून माणूस निश्चिंत होतो आणि बँकेकडे जायचं राहून जातं. जाणाऱ्याच्या हिताच्या दृष्टीनेही तो शब्द काढलेलाच बरा.

‘संबंध संपुष्टात’ हेही तसंच. त्या गृहस्थांकडे कंपनीचे शेअर होते आणि ते विकायचा त्यांचा विचार नव्हता. म्हणजे येत्या वार्षिक सभेची नोटीस त्यांना भागधारक म्हणून जाणारच होती. त्यांनी सोडलं होतं ते संचालकपद, तेवढंच लिहायचं.

हे सगळं वगळल्यावर पत्र आपोआप लहान होतं. मग उरतो एकच परिच्छेद, आणि खरी मेहनत तिथेच आहे. ‘आपले बहुमोल योगदान’, ‘अथक परिश्रम’, ‘दूरदृष्टी’ हे शब्द कोणालाही चिकटतात, त्यामुळे घेणाऱ्याला त्यात स्वतःचं काही दिसत नाही. त्याऐवजी मंडळाच्या टेबलाभोवती बसलेल्यांनीच पाहिलेली एक गोष्ट लिहावी. मी उरलेल्या तिघांना विचारलं, ‘हे गेल्यावर बैठकीत काय बदलेल?’ पहिल्यांदा तिघेही ‘अनुभव’, ‘मार्गदर्शन’ असंच बोलत राहिले. मग त्यांच्यातल्या धाकट्याने हसत सांगितलं, ‘काका असताना विक्रीचे आकडे कधी आधी वाचता आले नाहीत. आधी रिजेक्शनचा तक्ता, मग बाकीचं. एकदा तर गाडीत भरलेला माल उतरवून परत गेजवर लावायला सांगितला होता.’ पत्राचं काम तिथेच झालं.

शेवटी जे पत्र गेलं ते साधारण असं होतं. नाव-गाव काढलंय, बाकी ठेवलंय :

> दिनांक : ६ सप्टेंबर २०२४
>
> प्रति,
> मा. श्री. ________,
> नाशिक.
>
> महोदय,
> सप्रेम नमस्कार.
>
> आपला संचालकपदाचा राजीनामा कंपनीला २३ ऑगस्ट २०२४ रोजी मिळाला. तो ३१ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आल्याची नोंद संचालक मंडळाने आजच्या बैठकीत घेतली.
>
> आपण १ एप्रिल २०११ पासून या मंडळावर होता. बैठकीत विक्रीच्या आकड्यांआधी नाकारलेल्या मालाचा तक्ता मांडला जावा, हा आग्रह आपण पहिल्या वर्षापासून धरलात. गाडीत भरलेला माल उतरवून पुन्हा तपासण्याची वेळ आली, तेव्हाही आपण तो सोडला नाही. कंपनीचे जुने ग्राहक आजही टिकून आहेत, त्यात या शिस्तीचा मोठा वाटा आहे असे मंडळ मानते. विषयपत्रिकेतील तो क्रम यापुढेही तसाच राहील.
>
> आपल्या या योगदानाबद्दल मंडळ कृतज्ञता व्यक्त करते. आपणास व आपल्या कुटुंबीयांना उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा.
>
> संचालक मंडळाच्या वतीने,
> (सही)
> अध्यक्ष

यात ‘भावी वाटचालीस शुभेच्छा’ मुद्दाम घेतलं नाही. सत्तरीच्या माणसाला ते वाक्य दहावीच्या निकालासारखं वाटतं. ‘यापुढेही आपले मार्गदर्शन लाभत राहो’ हेही मी लेटरहेडवर टाळतो. तोंडी जरूर म्हणा, पण पद सोडलेल्या माणसाच्या सूचनेवर मंडळ चालतं असं कागदावर दिसणं, ना कंपनीच्या सोयीचं ना त्यांच्या. कायदा पदावर नसलेल्या, पण ज्याच्या सांगण्यावर मंडळ वागतं अशा माणसालाही जबाबदार धरू शकतो.

सहीचं म्हणाल तर, अध्यक्षांनी करायची. जाणारेच अध्यक्ष असतील तर उरलेल्यांपैकी एकाने, आणि तसा अधिकार त्याच बैठकीत ठराव करून द्यायचा. ठराव म्हणजे फार काही नाही, राजीनाम्याची नोंद, कृतज्ञता, आणि पत्रावर सही करायचा अधिकार, एवढ्या तीन ओळी. तारखा मात्र ठरावात, पत्रात आणि डीआयआर-१२ मध्ये अक्षरशः त्याच असू द्या. तुमचं मिनिट बुक इंग्रजीत असलं तरी पत्र मराठीत द्यायला काहीच हरकत नाही. हाच मजकूर पुढे वर्षअखेरच्या संचालकांच्या अहवालातही कामाला येतो, कारण वर्षभरात कोण आलं आणि कोण गेलं हे तिथे सांगावंच लागतं.

सही करण्याआधी मात्र तुमच्याकडे एकूण संचालक किती, ते मोजा. प्रायव्हेट कंपनीत किमान दोन लागतात. तुम्ही दोघंच असाल आणि एक जात असेल, तर ‘संचालक मंडळाच्या वतीने’ लिहायला मंडळच उरत नाही. तेव्हा आधी नवा संचालक नेमा, मग पत्राचं बघा. आणि जाणारे संचालक पगारी, म्हणजे व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ असतील, तर त्यांचा नोकरीचा करार, हिशेब, गाडी-घर यांचं पत्र वेगळं काढा. निरोपाच्या पत्रात रुपये आले की त्याची रया जाते.

एक बारकावा बहुतेक सगळीकडे सुटतो. आपल्याकडे लेटरहेडच्या डाव्या कडेला संचालकांची नावं छापायची पद्धत आहे. सातपूरच्या त्या पत्राची पहिली प्रिंट आली तेव्हा निरोप ज्यांना द्यायचा त्यांचंच नाव वर संचालक म्हणून छापलेलं होतं. नवीन छपाईला वेळ असेल तर साध्या कागदावर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन आणि ईमेल टाइप करून घ्या, चालतं. जुन्या नावावर पांढरी शाई लावून पत्र देऊ नका. असं पत्र माझ्या पाहण्यात आलंय.

द्यायचं कसं, हेही विचारलं असतंत म्हणून सांगतो. शाल-श्रीफळ बैठकीनंतर कामगारांसमोर करा, पण पत्र मंडळाच्या खोलीतच अध्यक्षांनी उभं राहून वाचावं. वरचं पत्र वाचायला जेमतेम मिनिट लागतं. सही केलेली एक प्रत फाइलला लावा.

हे सगळं गोडीगुलाबीने जाणाऱ्यांसाठी झालं. तुमच्याकडचे संचालक पटत नाही म्हणून जात असतील, तर मधला परिच्छेद पूर्ण गाळा. पहिला परिच्छेद तसाच ठेवा, कारण राजीनाम्याच्या तारखा भांडणात जास्त लागतात, आणि खाली ‘आपल्या कार्यकाळाबद्दल मंडळ आभारी आहे’ एवढंच लिहा. राजीनाम्याचं कारण पत्रात आणू नका. ते त्यांनी त्यांच्या राजीनाम्यात लिहिलं असेल तर तो कागद डीआयआर-१२ सोबत जातोच.