नाव दाराबाहेर उभं राहून म्हणून बघ

प्रिय मुली,

इमारतीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना भेटायला जाणाऱ्या तुमच्या गटासाठी नावांची तुझी यादी मिळाली. ‘संध्याछाया’, ‘आधार’, ‘आपुलकी सेवा मंडळ’, ‘साथसंगत’, ‘स्नेहस्पर्श’ आणि अगदी तळाशी, जरा बिचकतच लिहिलेलं ‘येता-जाता’. यातलं एक निवडून द्या, असं तू म्हणतेस. निवड मी करणार नाही, ती तुमच्या इमारतीतच व्हायला हवी. पण एकेक नाव कशावर घासून बघायचं ते लिहिते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात असताना घरभेटींना गेले की दाराशी पहिलं वाक्य काय बोलायचं, यावर पुढचं सगळं ठरायचं. तुमच्या गटाचं नाव त्या पहिल्या वाक्यात असणार आहे.

तुमची जागा आधी डोळ्यांपुढे आण. परळची जुनी चाळ पाडून टॉवर झाला. चाळीत दिवसभर दारं उघडी असायची. कोणाचं दार नऊ वाजले तरी बंद दिसलं तर शेजारीण आपसूक कडी वाजवायची, त्याला नाव लागत नव्हतं. आता मजल्यावर चार बंद दारं, प्रत्येकाला सेफ्टी डोअर, खाली वॉचमन आणि भिंतीवर इंटरकॉम. म्हणजे आजींपर्यंत तुम्ही पोचायच्या आधी तुमचं नाव पोचणार. वॉचमन इंटरकॉमवर सांगणार, “आजी, अमुकमधून दोघं आलेत, सोडू का?” त्या ‘अमुक’च्या जागी तुझ्या यादीतलं एकेक नाव घालून बघ.

‘आपुलकी सेवा मंडळ’ म्हटलं की आजी पाकीट शोधायला उठतील. लालबाग-परळमध्ये ‘मंडळ’ दाराशी आलं की पावतीपुस्तक बरोबर असतं, ही साठ-सत्तर वर्षांची सवय आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही वर्गणीला येत नाही आहात. शिवाय ‘सेवा’ इंटरकॉमच्या खरखरीत ‘सेना’ ऐकू येऊ शकतं, आणि मग दारात कोण उभं आहे याचा अंदाज पार वेगळ्याच दिशेला जातो. ‘आधार’ तर कृपा करून काढूनच टाक. शब्द सुंदर होता, पण आता त्याचा पहिला अर्थ कार्ड हाच आहे. ‘आधारमधून बोलतोय, नंबर सांगा, ओटीपी सांगा’ अशा फोनांनी म्हातारी माणसं लुबाडली जातात. ज्या आजोबांना मुलाने बजावून ठेवलंय की आधारचं कोणी आलं तर दार उघडू नका, ते तुम्हालाही उघडणार नाहीत, आणि बरोबरच करतील.

‘संध्याछाया’बद्दल तू लिहिलंस की सगळ्यांना ते काव्यमय वाटलं. सगळे म्हणजे कोण? तुम्ही, पंचविशीतले. एकाहत्तर वर्षांच्या, रोज शिवाजी पार्कला फेरी मारणाऱ्या बाईंना तुम्ही दाराशी येऊन सांगणार की तुमची संध्याकाळ झाली? मावळती, सायंकाळ, पैलतीर, विसावा, सांजवात ही नावं तरुण माणसं म्हाताऱ्यांना देतात. म्हातारी माणसं स्वतःला ती कधी देत नाहीत. परीक्षा सोपी आहे. आजींनी स्वतःच्या तोंडाने शेजारणीला सांगायचं आहे, “मी अमुकमध्ये आहे.” हे सांगताना त्यांची मान खाली जाणार असेल तर ते नाव बाद. ‘एकाकी’, ‘निराधार’, ‘वृद्ध सहाय्य’ असं काही ठेवलंत तर त्या हे वाक्य उच्चारणारच नाहीत. तुम्ही आलात की दार पटकन लावून घेतील, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. अशा नावांत देणारा आणि घेणारा अशी फाळणीही आपोआप होते. तुमच्या सातव्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात, पण त्यांचा आवाज खणखणीत आहे. रोज सकाळी चार घरी फोन करण्याचं काम त्या तुमच्यापेक्षा चांगलं करतील. नावात त्यांना दोन्हीकडे उभं राहायला जागा हवी.

आता ज्या गोष्टीकडे नाव ठेवणारे सहसा बघत नाहीत तिच्याकडे येते, कानाकडे. वय वाढतं तशी ऐकण्याची धार आधी उंच पट्टीत बोथट होते. स, श, फ, थ, च ही अक्षरं त्या पट्टीत येतात. आ, ए, ओ हे स्वर मात्र जोरकस असतात आणि बराच काळ टिकतात. म्हणून आजोबा म्हणतात, “आवाज येतो, शब्द कळत नाहीत.” तुमच्या भागात तर गिरणीत साच्यांच्या खडखडाटात आयुष्य काढलेली माणसं आहेत. त्यांचे कान वयाच्या आधीच गेलेले असतात, आणि जातात ते याच पट्टीत. त्यांच्या बंद दाराबाहेर ‘स्नेहस्पर्श’ म्हण. आत ‘एह... अर...’ असं काहीतरी पोचेल. ‘साथसंगत’चीही तीच गत, पहिला स आणि थ दोन्ही गळतात. मग तुम्ही ओरडता, आणि ओरडण्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं आहेत तिथेच राहतात. म्हणजे ऐकू येणं वाढत नाही, फक्त आतल्या माणसाला वाटतं की बाहेर कोणीतरी चिडलंय.

हे तपासायला काही लागत नाही. तुझ्याच आजीला आतल्या खोलीत बसव, पंखा आणि टीव्ही नेहमीसारखे चालू राहू देत, दार लाव, आणि बाहेरून नेहमीच्या आवाजात एकदाच नाव म्हण. काय ऐकू आलं ते तिला म्हणायला सांग. ओळखता आलं का असं विचारू नकोस, कारण तुझ्यावरच्या मायेने ती हो म्हणेल. मग फोनवरून तेच कर. आणि दुसऱ्या दिवशी, आठवण न करून देता विचार, “काल मी कुठलं नाव सांगितलं होतं?” ऐकू येणं आणि लक्षात राहणं या दोन वेगळ्या चाळण्या आहेत.

या चाळण्यांतून तुझ्या यादीतलं ‘येता-जाता’ बऱ्यापैकी पार होतं असं मला वाटतं. चारही अक्षरांना दीर्घ स्वर आहे. ओळखीचा शब्द असल्यामुळे अर्धा ऐकू आला तरी उरलेला मनात भरून निघतो. तुमच्याकडे गुजराती आणि उत्तर भारतीय घरं आहेत, त्यांनाही तो परका वाटणार नाही. ‘ज्येष्ठ’ किंवा ‘स्नेह’सारखी जोडाक्षरं वॉचमनच्या तोंडी अडखळतात, इथे तो प्रश्न नाही. आणि “येता-जाता डोकावत जा गं” हे आपण एरवीही म्हणतो. त्यात कोणी कोणावर उपकार करत नाही.

पण त्याच्या दोन उणिवा आहेत, त्या आधी बघून घे. पहिली म्हणजे नाव सैल आहे. जमलं तर येऊ, असं त्यातून ऐकू येतं, आणि एकट्या माणसाला ‘जमलं तर’ फार अनुभवाचं असतं. म्हणून नावाला वार जोडा. “येता-जाता, मंगळवार-शुक्रवार” असं कार्डावर आणि तोंडी नेहमी एकत्र म्हणा. दुसरी, ‘जाता’ हा शब्द कोणाला खटकतो का. नुकताच जोडीदार गेलेल्या घरात तो वेगळा लागू शकतो. हे तू आणि मी ठरवू शकत नाही. चार-पाच घरी स्वतः जाऊन विचार.

विचारताना “नाव सुचवा” असं मात्र म्हणू नकोस. मग देवाचं किंवा कोणाच्या तरी स्मरणार्थ असं नाव येतं, आणि नाही म्हणणं अवघड होतं. त्याऐवजी ऐक. तुम्ही महिनाभर जात आहात, तर तुमचा उल्लेख घरात कसा होतो? “मंगळवारच्या मुली” म्हणतात का? “ती चहा न घेणारी पोरं” म्हणतात का? मुलाला फोनवर काय सांगतात? तिथे आधीच एखादं नाव रुळलेलं असेल तर यादी बाजूला ठेव आणि ते उचल.

आणखी एक वाक्य आहे, अवघड प्रसंगाचं, आणि नावाची खरी कसोटी तिथे लागते. दोनदा बेल वाजवूनही दार उघडलं गेलं नाही, आणि तू पुण्याला मुलाला फोन लावतेस: “मी अमुकमधून बोलतेय, बाबा दार उघडत नाहीत, चावी कोणाकडे आहे?” या वाक्यात ‘आनंदयात्री’ किंवा ‘हास्यमेळा’ असं नाव घालून बघ, जीभ अडेल. ‘येता-जाता’ही इथे जरा हलकं पडतं. म्हणून त्याच्याआधी इमारतीचं नाव आणि ‘शेजारी’ जोडा: “तमुक टॉवरमधले शेजारी, येता-जाताकडून.” मुलाला आधी शेजार कळतो, मग गट. इमारतीचं नाव जोडण्याचा आणखी एक फायदा आहे. नुसतं सुटसुटीत नाव कोणीही उचलून दुसऱ्या दाराशी वापरू शकतो. इमारत, वार आणि ओळखीचा चेहरा या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच दार उघडा, असं पहिल्याच भेटीत सांगा, आणि ती पहिली भेट त्यांच्या ओळखीच्या शेजाऱ्याला बरोबर घेऊन करा.

नाव कुठे लिहायचं नाही तेही सांगते. दारावर स्टिकर नको. ‘या घराकडे आमचं लक्ष आहे’ असा स्टिकर म्हणजे आत म्हातारं माणूस एकटं आहे ही पाटीच. व्हॉट्सॲप ग्रुपला ‘एकटे ज्येष्ठ, बी विंग’ असं नाव नको, कारण मोबाइल टेबलावर पडलेला असतो आणि ते आजींच्या सुनेलाही दिसतं. वॉचमनच्या वहीतही फक्त गटाचं नाव आणि तुमची सही असू दे.

पोलीस, सुरक्षा, रक्षक, प्रहरी, राष्ट्रीय, शासकीय यांतलं काही नावात येऊ देऊ नकोस. पोलीस ठाण्यानेही एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवून भेटी द्यायच्या असतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांत ते आहे. तुमच्यात आणि त्यांच्यात गोंधळ व्हायला नको. सरकारी पाठबळ असल्याचा भास होणाऱ्या नावांना १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्यानेही आडकाठी आहे. ‘ज्येष्ठ नागरिक संघ’ही नको. ते संघ ज्येष्ठांचे स्वतःचे असतात, तुमच्या भागात असेल तर त्यांच्या सभेत जाऊन नाव आधी कानावर घाला. नोंदणीची घाई करू नका. पैसे गोळा करायची वेळ आली तर सात जण मिळून संस्था नोंदवता येते, पण तेव्हा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तुमच्यासारखंच नाव आधीपासून असेल तर बदलावं लागेल. तोवर रुळलेलं नाव मोडण्यापेक्षा आत्ताच ते तिथे आहे का बघून घ्या.

कार्ड छापाल तेव्हा नाव मोठ्या ठसठशीत अक्षरांत, पांढऱ्यावर काळं. नक्षीदार अक्षरं मोतीबिंदूच्या डोळ्यांना लागत नाहीत. एका बाजूला देवनागरी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि खाली ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर. छापायला टाकण्याआधी मजकूर मला पाठव. आणि आजीने पंखा चालू असताना काय ऐकलं, ते तिच्याच शब्दांत लिहून कळव.

तुझ्या बाई