बिबट्या की कुत्रा? ठसा ओळखताना आधी काय बघायचं

प्रश्न: भीमाशंकरच्या जंगलवाटेवर ओल्या मातीत हा ठसा दिसला. शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवलंय. नख्या दिसत नाहीत, म्हणजे बिबट्याच ना?

उत्तर: बिबट्याच वाटतोय, पण नख्यांवरून नाही. चिखलात पाय घसरला तर बिबट्याचीही नखं उमटतात, आणि कडक जमिनीवर कुत्र्याचीही कधी उमटत नाहीत. आधी मागची गादी बघा. तुमच्या फोटोत तिची मागची कड तीन गोलाव्यांची आहे आणि पुढची कड रुंद, बोथट. ही मांजरकुळाची खूण. कुत्र्याची गादी पुढे निमुळती, त्रिकोणी असते.

मग बोटं. कुत्र्याची मधली दोन बोटं साधारण एका रेषेत असतात, त्यामुळे ठशाच्या मधोमध उभी रेघ मारली तर दोन्ही बाजू सारख्या दिसतात. इथे एक बोट सरळ पुढे गेलंय, आपल्या मधल्या बोटासारखं. ते मध्यरेषेच्या उजवीकडे आहे, म्हणजे पाय डावा.

नाणं ठेवलंत हे बरं केलं. ते २७ मिलिमीटरचं असतं आणि ठशाची रुंदी साधारण अडीच नाणी, म्हणजे पावणेसात सेंटिमीटर भरते. रानमांजर यापेक्षा बरंच लहान. मात्र ओल्या मातीत ठसा पसरतो, तेव्हा बाहेरची ढासळलेली कड सोडून तळाची रुंदी मोजा. फोटो तिरका आहे, त्यामुळे माप थोडं चुकू शकतं. नर की मादी, हे या एका ठशावरून मी सांगणार नाही.