ठिपके दिसत नाहीत म्हणून बिबट्या नाही?

आमच्या गोठ्यामागच्या कॅमेऱ्यात रात्री काहीतरी गेलं. झूम करून बघितलं तर अंगावर एकही ठिपका नाही. म्हणजे बिबट्या नव्हता ना? (पन्हाळा तालुका)

तसं म्हणता येणार नाही. बिबट्याच्या अंगावरचं एक वलय साधारण चार-पाच सेंटीमीटरचं असतं. तो दूर असेल आणि त्याचं सव्वा मीटरचं धड पडद्यावर साठ पिक्सेलांत मावलं असेल, तर एका वलयाला जेमतेम दोन पिक्सेल मिळतात. जागा वाचवण्यासाठी रेकॉर्डर चित्राचे छोटे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला बारीक, फिका फरक आधी पुसतो. अंधारात तर हे जास्तच होतं. झूम केल्याने पुसलेलं परत येत नाही, उरलेले पिक्सेल मोठे दिसतात एवढंच.

यात एक फसगत होते. भिंत हलत नाही, त्यामुळे तिचं चित्र हळूहळू सुधारत जातं आणि गिलाव्याचे खड्डेसुद्धा दिसतात. प्राणी चालत असतो, म्हणून तोच तेवढा गुळगुळीत होतो. बघणाऱ्याला वाटतं, भिंत एवढी साफ दिसते तर ठिपकेही दिसायला हवे होते.

व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवा. अनेक कॅमेरे दर एक-दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र साठवतात आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त झालेला बदल नोंदवतात. पूर्ण चित्राशी आलात की प्राणी एकदम थोडा साफ होतो. स्क्रीनशॉट घ्यायचा तर तिथला घ्या.

उलट आमच्या चित्रात पाठीवर काळे डाग स्पष्ट आहेत. भावकीतले सगळे बिबट्याच म्हणतात. (शाहूवाडी)

डाग अंगाबरोबर पुढे सरकतात का, ते लागोपाठच्या फ्रेममध्ये पाहा. खांद्यावरचा डाग चालताना खांद्यावरच राहिला तर तो कातडीवरचा. प्राणी पुढे गेला आणि डाग पडद्यावर जागच्या जागी राहिला, तर ती उसाच्या पाल्याची सावली किंवा चौकोनांची कड. एकट्या स्क्रीनशॉटवरून हा फरक करता येत नाही, म्हणून मी नेहमी क्लिप मागतो.

सोबत चित्र पाठवलंय, नीट दिसावं म्हणून प्राण्यापुरतंच कापलंय. बिबट्याचं पिल्लू की रानमांजर? (करवीर)

कापताना फाटक आणि बांध गेले, आणि त्याबरोबर आकाराचं मापही गेलं. म्हणून मी तुमच्याकडून न कापलेली फ्रेम मागवून घेतली आणि सांगितलं की प्राण्याचा पाय जिथे टेकला होता त्याच जागी एक मीटरची काठी उभी धरा आणि त्याच कॅमेऱ्यातून दुसरी फ्रेम घ्या. जागा तीच हवी. काठी कॅमेऱ्याच्या दोन पावलं जवळ आली तरी हिशोब बिघडतो.

काठी 110 पिक्सेल भरली. प्राण्याची खांद्यापर्यंतची उंची 44 पिक्सेल, म्हणजे 40 सेंटीमीटर. कडा धूसर आहेत, चार पिक्सेल इकडेतिकडे धरले तरी 36 ते 44. मोठा बिबट्या साधारण 60 सेंटीमीटर किंवा त्याहून उंच असतो, तो इथे किमान 66 पिक्सेल भरला असता. मोठा बिबट्या इथेच बाद झाला, पण पिल्लू अजून शिल्लक राहतं.

पिल्लाचा निकाल शेपटीने लागला. बिबट्याची शेपूट लांब असते, धडाच्या निम्म्याहून बरीच मोठी, आणि चालताना खाली झुकून टोकाशी वर वळते. पिल्लातही ती लांबच असते. रानमांजराची शेपूट धडाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, मागच्या पायाच्या ढोपरापर्यंतच पोचते. तुमच्या क्लिपमध्ये ओळीने सहा-सात फ्रेममध्ये ती ढोपराशीच संपते. एकाच फ्रेममध्ये असतं तर मी विश्वास ठेवला नसता, कारण पातळ शेपटीचं टोक मागच्या गवतात मिसळून जाऊ शकतं. पायही अंगाच्या मानाने लांब आहेत. हे रानमांजर आहे. उसात उंदीर असतात, त्यांच्या मागे ते येतं.

रात्रीच्या कॅमेऱ्यात पूर्ण काळा दिसला. काळा बिबट्या असेल का? (गगनबावडा)

रात्रीच्या इन्फ्रारेड चित्रात रंग नसतोच, आणि काळ्या बिबट्याची वलयं या प्रकाशात उलट उठून दिसू शकतात. सपाट काळा आकार दिसला तर आधी त्याच्या मागे दिवा होता का ते पाहा. रंगावर निर्णय नको, उंची आणि शेपूट मोजा.

क्लिप पाठवायची कशी? (कागल)

मॉनिटरसमोर मोबाईल धरून काढलेला व्हिडिओ पाठवू नका, त्यात पडद्याच्या रेषा येतात आणि चित्र पुन्हा दाबलं जातं. रेकॉर्डरमधून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, प्राणी येण्याआधीचं आणि गेल्यानंतरचं अर्धं मिनिट धरून. व्हॉट्सअ‍ॅपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, व्हिडिओ म्हणून जोडलीत तर पुन्हा आकसते. हे लवकर करा, कारण डिस्क भरली की रेकॉर्डर जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. उंची बिबट्याच्या जवळ जात असेल तर माझ्या उत्तराची वाट पाहू नका, वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा आणि मूळ फाइल त्यांनाच आधी द्या.