सँकी आकृतीच्या फोटोवरून ऊर्जेचा हिशोब

प्रश्न: औष्णिक वीज केंद्राच्या सँकी आकृतीचा फोटो आहे, आकडे पुसट आहेत. ऊर्जा कुठे किती वाया गेली, कसं काढू?

सँकी आकृतीत ऊर्जेचा प्रत्येक प्रवाह पट्ट्याने दाखवतात आणि पट्टा जितका रुंद तितकी ऊर्जा जास्त. म्हणून पट्ट्याची फक्त रुंदी मोजा, लांबीला अर्थ नाही. फाटा फुटतो तिथेच मोजपट्टी पट्ट्याला काटकोनात धरा. तिरक्या पट्ट्यावर उभं माप घेतलं तर ते जास्त भरतं. समजा कोळशाचा पट्टा 50 मिमी, विजेचा 18, धुराड्याचा 5 आणि वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरकडे जाणारा 27. म्हणजे वीज 36 टक्के, धुराड्यातून 10 टक्के आणि कंडेन्सरच्या थंड पाण्यात तब्बल 54 टक्के! फाट्यांची बेरीज 50 भरली की माप जुळलं. कमी भरली तर एखादा बारीक फाटा सुटलाय, नाहीतर फोटो तिरका आहे. तिरक्या फोटोत लांबची बाजू अरुंद दिसते, म्हणून आधी स्कॅनर ॲपमध्ये चारही कोपरे सरळ करून घ्या.