कव्हर लेटरमध्ये सर्व्हेचा अनुभव कसा लिहावा?

प्रश्न: कोल्हापुरात मास कम्युनिकेशनच्या एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्तमानपत्र वाचनावर राजारामपुरी आणि कसबा बावड्यात घरोघरी फिरून १६८ जणांचा सर्व्हे केलाय. मुंबईतल्या मीडिया रिसर्च एजन्सीकडे इंटर्नशिपसाठी कव्हर लेटर लिहितेय, पण 'सर्वेक्षणाचा अनुभव आहे' या ओळीपुढे गाडी सरकत नाही. काय लिहू?

उत्तर: मी अशा एजन्सीत आधी फील्ड सुपरवायझर होतो, नंतर इंटर्नचे अर्ज चाळायचं काम माझ्याकडे आलं. 'सर्व्हे केला' असं जवळपास प्रत्येक अर्जात असतं, आणि निम्म्या वेळा तो वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला गूगल फॉर्म असतो. तू दारं वाजवलीस. ते पत्रात दिसलं पाहिजे.

म्हणून १६८ च्या मागचा आकडा आधी काढ. दारं किती वाजवली, कितींना कुलूप होतं, कितींनी 'आत्ता वेळ नाही' म्हणून परत पाठवलं? समजा २४० दारं वाजवली, ५१ ठिकाणी कोणी भेटलं नाही आणि २१ जणांनी नकार दिला. मग १६८ मुलाखती म्हणजे ७० टक्के. हा हिशेब ज्याने खरंच फील्ड केलंय त्याच्याचकडे असतो. वाचणाऱ्याला तेवढ्यावरून माणूस कळतो.

दुसरी गोष्ट, मुलाखत कोणी दिली? सकाळी अकरा ते चार फिरलीस तर दार उघडणाऱ्या बहुतेक गृहिणी आणि निवृत्त मंडळी असणार. नोकरी-धंद्यावर गेलेला माणूस तुझ्या नमुन्यात येतच नाही. हे लक्षात आल्यावर तू संध्याकाळी किंवा रविवारी परत गेलीस का? गेली असशील तर पत्रातलं सर्वांत वजनदार वाक्य तेच. गेली नसशील तर तेही लिही, पुढच्या वेळी काय करशील ते जोडून. लपवू नकोस, मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.

तिसरी, प्रश्न कसा विचारलास? 'तुम्ही कोणता पेपर वाचता?' असं विचारलं की लोक घरी येणाऱ्या पेपरचं नाव सांगतात. पेपर दारात पडणं वेगळं आणि वाचणं वेगळं. 'काल कुठला पेपर हातात घेतला होता का?' असं विचारलं की उत्तर बदलतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ वाचणारा स्वतःला पेपरचा वाचकच समजतो. त्याला तू कुठल्या रकान्यात टाकलंस? या गोंधळाबद्दल दोन वाक्यं लिहिलीस तर वाचकसंख्या मोजण्याचं मूळ दुखणं तुला ठाऊक आहे हे दिसेल.

आता हा परिच्छेद बघ. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुझे वहीतून घे. पत्र इंग्रजीत जाणार असेल तर हेच साध्या इंग्रजीत लिही:

> 'कोल्हापुरातल्या दोन भागांत मी २४० घरांना भेट देऊन १६८ मुलाखती पूर्ण केल्या. पहिल्या ९६ मुलाखती कामाच्या दिवशी दुपारी घेतल्या. त्यात ७१ स्त्रिया होत्या. म्हणून उरलेल्या ७२ मुलाखती संध्याकाळी आणि रविवारी घेतल्या. चाचणी फेरीत "कोणता पेपर वाचता" या प्रश्नाला लोक घरी येणाऱ्या पेपरचं नाव सांगत होते, त्यामुळे प्रश्न "काल वाचला का" असा बदलला. घरं यादीतून यादृच्छिक निवडलेली नसल्याने हे निष्कर्ष सगळ्या शहराला लागू होत नाहीत.'

शेवटचं वाक्य गाळायचा मोह होईल. गाळू नकोस. '६० टक्के कोल्हापूरकर अमुक वाचतात' असं लिहिलेले अर्ज मी तिथंच बाजूला ठेवायचो. १६८ च्या नमुन्याला सूत्रात घालून साडेसात टक्क्यांची चूक-मर्यादा काढता येते, पण ते सूत्र यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. सोयीने निवडलेल्या घरांना ते लावलं की जाणकार लगेच पकडतो.

सॉफ्टवेअरचंही तसंच. मी माझ्या पहिल्या अर्जात एसपीएसएस 'उत्तम येतं' असं ठोकून दिलं होतं. मुलाखतीत विचारलं, वेटिंग कधी करतात? मी वेटिंग लिस्टबद्दल बोलायला लागलो! ते विचारत होते नमुन्यात कमी-जास्त आलेल्या गटांना लोकसंख्येतल्या प्रमाणानुसार वजन देण्याबद्दल. तू एक्सेलमध्ये पिव्होट टेबलवर वयोगटानुसार तक्ते काढले असशील तर तेवढंच लिही.

बाकी पत्राला फार वेळ देऊ नकोस. सुरुवातीला कोणत्या कामासाठी आणि कधीपासून उपलब्ध ते दोन ओळींत, मग वरचा परिच्छेद, मग त्या एजन्सीच्या कामातलं नेमकं काय करायचंय ते. मराठी प्रश्नावलीचं भाषांतर तपासता येतं हे आवर्जून घाल, कारण मुंबईत बसून केलेलं मराठी भाषांतर बावड्याच्या दारात कसं अडखळतं ते तुला माहीत आहे. सगळं एका पानात बसव.

सोबत प्रश्नावलीची प्रत जोड, भरलेले फॉर्म नको. नमुना म्हणून एखादा द्यायचाच असेल तर उत्तर देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर आधी काढून टाक.