दोन महिन्यांचे बाळ पालथे घातले की रडते: तेव्हा काय दाखवावे आणि भेट कोणती न्यावी

प्रश्न: माझ्या बहिणीची मुलगी नऊ आठवड्यांची आहे. तिला पोटावर ठेवले की मिनिटभरात रडायला लागते. हे रोज करायलाच हवे का? त्या वेळी तिच्याशी काय खेळावे? मावशी म्हणून मला या वयाला उपयोगी पडेल अशी भेटही न्यायची आहे. पाळण्यावर फिरणारे रंगीत खेळणे मनात आहे.

उत्तर:

रोज करायला हवे, पण एका बैठकीत मिनिटभरच होत असेल तर तूर्त मिनिटभरच करावे आणि दिवसातून अधिक वेळा करावे. पाळण्यावरचे खेळणे मात्र घेऊ नका, असे मी सुचवीन. त्यामागचे कारण पुढे ओघात येईलच, कारण तुमचे तिन्ही प्रश्न मुळात एकच आहेत.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. पालथे घातल्यावर रडणारी या वयाची जी बाळे माझ्याकडे येतात, त्यांच्या पालकांना बहुधा बाळाची मान अशक्त असल्याची भीती वाटत असते. प्रत्यक्षात बहुतेक बाळांची मान वयाच्या मानाने ठीक असते. त्यांना ती उचलण्यासाठी काही कारणच मिळालेले नसते. नाक चादरीत, हात छातीखाली अडकलेले आणि समोर पाहण्याजोगे काही नाही, अशा स्थितीत कोणीही रडेल.

आधी हे कशासाठी करायचे ते थोडक्यात सांगते. झोपेत बाळाला नेहमी उताणेच ठेवायचे असते, कारण पालथ्या झोपेत बाळाच्या आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो, आणि त्यात तडजोड नाही. त्यामुळे मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग यांच्या स्नायूंना काम मिळायचे ते जागेपणीच, कोणी तरी शेजारी बसलेले असताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, अजून रांगत नसलेल्या बाळांना जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पोटावर ठेवावे, असे म्हटले आहे. ‘दिवसभरात मिळून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. डायपर बदलला की दोन मिनिटे, असे आठ वेळा केले तरी सोळा मिनिटे भरतात, आणि उरलेला वेळ आईच्या किंवा बाबांच्या छातीवर सहज जातो. मोठ्या माणसाने उशीला टेकून अर्धवट आडवे व्हावे आणि बाळाला आपल्या छातीवर पालथे ठेवावे. उतार असल्यामुळे मान उचलणे सोपे जाते आणि समोर चेहराही असतो. अशा वेळी मोठ्या माणसाचाच डोळा लागणार असेल, तर मात्र बाळाला आधी उताणे ठेवून द्यावे.

आता नजरेविषयी. या वयात बाळाला सर्वांत चांगले दिसते ते साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचे, म्हणजे दूध पिताना आईच्या चेहऱ्यापर्यंत जेवढे अंतर असते तेवढ्यावरचे. दूरचे अगदीच दिसत नाही असे नाही, पण ते पुसट असते. रंगांची ओळख सुरू झालेली असली तरी फिकट छटांमधला फरक तिला फारसा जाणवत नाही. जिथे गडद आणि उजळ भाग एकमेकांना भिडतात, ती कड तिची नजर पकडते. महिनाभराचे बाळ चेहऱ्याच्या कडेकडे, केसांच्या रेषेकडे पाहत राहते, तर दोन महिन्यांचे बाळ डोळ्यांकडे पाहू लागते. तुमच्या भाचीने गेल्या काही दिवसांत तुमच्या डोळ्यांत पाहून हसायला सुरुवात केली असेल, तर त्यामागे हेही आहे. आणखी एक गंमत अशी की या वयात नजर एकदा चिकटली की सुटता सुटत नाही. बाळ एखाद्या पट्ट्याकडे इतका वेळ टक लावून पाहते की घरच्यांना ते फारच आवडले आहे असे वाटते. खरे तर कित्येकदा त्याला नजर काढून घेणेच जमत नसते. म्हणून एका वेळी एकच वस्तू दाखवावी, आणि ती हलवायची तर अगदी सावकाश हलवावी.

हे सगळे पालथ्या बाळाला लावून पाहिले की चूक कुठे होते ते कळते. मध्यंतरी तुमच्या भाचीएवढाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. घरी तो चाळीस सेकंदांत रडे. आईने घरी जसे करते तसेच करून दाखवले. तिने दूध पाजले, लगेच त्याला मऊ गादीवर पालथे ठेवले आणि हातभर अंतरावर, तिच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर, एक रंगीबेरंगी झुलते खेळणे धरले. मुलाचे डोळे गादीपासून जेमतेम चार बोटे वर येत होते. खेळणे त्याच्या दृष्टीने फार दूर होते आणि फार उंचही होते. ते पाहायला त्याला अजून न येणारी गोष्ट करावी लागली असती. शिवाय मऊ गादीत कोपरे रुतत होती, आणि भरल्या पोटावर दाब आल्यामुळे दूध वर येत होते.

आम्ही चारच गोष्टी बदलल्या. दूध पाजल्यावर अर्धा तास जाऊ दिला. गादीऐवजी जमिनीवर सतरंजी व तिच्यावर घट्ट ताणलेले दुपटे घातले. टॉवेलची साधारण सात-आठ सेंटीमीटर जाडीची गुंडाळी करून ती बगलांच्या खाली, छातीशी आडवी ठेवली आणि दोन्ही हात गुंडाळीवरून पुढे काढून कोपरे खांद्यांच्या किंचित पुढे आणली. हे नीट पाहून घ्या, कारण बरेचसे यश यातच आहे. कोपरे खांद्यांच्या मागे राहिली तर सगळा भार छातीवर आणि गालावर येतो. ती पुढे आली आणि छाती थोडी उंचावली की भार कमरेकडे सरकतो आणि डोके हलके होते. चौथी गोष्ट म्हणजे झुलते खेळणे बाजूला ठेवून, बोटभर रुंद काळे-पांढरे पट्टे असलेला पुठ्ठा त्याच्या तोंडासमोर जमिनीवरच, वीतभर अंतरावर उभा केला.

मुलाने डोके उचलले, पुठ्ठ्यावर नजर रोवली आणि सात-आठ सेकंदांनी गाल खाली टेकवला. पुन्हा उचलले. तिसऱ्यांदा उचलल्यावर मी पुठ्ठा अगदी हळू डावीकडे सरकवला, तेव्हा नजर थोडी मागे राहिली, मग एका उडीत पुठ्ठ्याला गाठून पुढे गेली आणि मागोमाग मानही वळली. दीड मिनिट झाल्यावर त्याने मूठ तोंडाकडे नेली, जांभई दिली आणि चेहरा लाल होऊ लागला, तेव्हा आम्ही थांबलो. थांबायची वेळ ती हीच. रडणे सुरू होईपर्यंत ताणले तर ‘पालथे म्हणजे रडणे’ अशी बाळाची समजूत होते आणि पुढच्या वेळी ते टेकवल्या टेकवल्या रडते. दोन आठवड्यांनी तो एका वेळी चार मिनिटे राहत होता.

पुठ्ठा मी डावीकडे नेला, त्यालाही कारण होते: तो मुलगा बहुतेक वेळ उजवीकडेच पाहत असे. या वयात एखादी बाजू थोडी आवडती असणे सर्रास आढळते, आणि मग पाहण्याजोगी गोष्ट नावडत्या बाजूला ठेवणे हा सोपा उपाय असतो. पण मान दुसऱ्या बाजूला वळतच नसेल, वळवू पाहिल्यास बाळ कळवळत असेल, किंवा डोक्याचा एक भाग चपटा होत चालला असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवावे. डोळे मधूनच तिरके होणे तीन-चार महिन्यांपर्यंत चालते. एखादा डोळा सतत तिरका राहत असेल, किंवा तीन महिन्यांनंतरही बाळ चेहऱ्यामागे नजर नेत नसेल, तर तेही दाखवावे. बाळ वेळेआधी जन्मले असेल, तर हे सगळे महिने अपेक्षित तारखेपासून मोजायचे.

आता भेट. पाळण्यावर फिरणारी बरीचशी खेळणी उभ्या माणसाला छान दिसतील अशी बनवलेली असतात: हत्ती आणि मासे बाजूने रंगवलेले, आणि खालून पाहणाऱ्या बाळाला दिसतात ते त्यांचे पांढुरके तळ. दुकानात खेळण्याखाली डोके घालून वर पाहिल्याशिवाय ते विकत घेऊ नये, असे मी सगळ्यांना सांगते. (एकदा मी स्वतः तसे करताना विक्रेता काळजीने धावत आला होता.) शिवाय बाळ हातांवर जोर देऊन वर उठू लागले, किंवा पाच महिन्यांचे झाले, की दोऱ्यांच्या भीतीने ते काढावेच लागते.

त्याऐवजी घडीचा, जमिनीवर उभा राहणारा जाड पुठ्ठा किंवा कापडी पुस्तक घ्या, ज्याच्या प्रत्येक पानावर एकच मोठे, काळे-पांढरे किंवा काळे-लाल चित्र असेल. ज्या पानावर दहा प्राणी आणि निळसर डोंगर असतील, ते पान या वयासाठी नाही. पुठ्ठा घरी जाड काळ्या मार्करने केला तरी भाचीला फरक कळणार नाही; मार्कर पूर्ण वाळू द्यावा, इतकेच. थोडा अधिक खर्च करायचा असेल तर न फुटणारा, कापडी चौकटीचा, जमिनीवर उभा राहणारा आरसा घ्या. तो स्वतःचा चेहरा आहे हे तिला अजून बरेच महिने कळणार नाही, पण हलणारा, जिवंत चेहरा बरोबर हव्या त्या उंचीवर मिळतो आणि तो पुढे वर्षभर उपयोगी पडतो. बहिणीकडे सतरंजी किंवा जाड, न घसरणारी चटई नसेल, तर तीही उत्तम भेट ठरेल.

खुळखुळा न्यायचा असेल तर अगदी हलका न्या. या वयात मुठीत दिलेली वस्तू ती आपोआप धरते, पण तिच्याकडे पाहून हात नेणे अजून जमत नाही, आणि जड खुळखुळा थेट कपाळावर बसतो. मऊ बाहुल्या आणि उशा पाळण्यात ठेवायच्या नसल्यामुळे त्या न्यायच्या तर ‘पुढे खेळायला’ असे सांगूनच न्या. काहीही घेताना ते ओढून पाहा: सुटणारा डोळा, लांब फीत, किंवा स्क्रू नसलेले बटन सेलचे झाकण दिसले तर ते परत ठेवा. टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जाईल अशी कोणतीही वस्तू बाळाच्या घशात अडकू शकते.

आणि भेट घेऊन गेलात की ती देऊन लगेच उठू नका. बहिणीला अर्धा तास आडवे होऊ द्या आणि तुम्ही सतरंजीवर भाचीसमोर पालथ्या पडा, हनुवटी जमिनीला टेकवून, वीतभर अंतरावर.